पाहुण्यांसाठी निराळे वाय-फाय

उदाहरणादाखल एका शिक्षकाचे घर घ्यावे. तेथे दोन्ही दिशांना ५० एमबीपीएसची इंटरनेट जोडणी आहे. दिवाळीत पाहुणे येतात, त्यांचे मोबाइल छायाचित्रे आपोआप वर चढवू लागतात आणि गुरुजींच्या ऑनलाइन प्रशिक्षणातील आवाज तुटू लागतो. राउटरमध्ये ‘Guest Network’ सुरू करून पाहुण्यांना, तसेच कॅमेरा व स्मार्ट दिव्यांना निराळे नाव आणि परवलीचा शब्द दिला जातो. तरीही त्रास कायम राहतो.

कारण नाव निराळे झाले तरी बाहेर जाणारी वाहिनी एकच असते. या अतिथी-जाळ्यास दोन्ही दिशांना १० एमबीपीएसची मर्यादा घातल्यावरच उर्वरित वेग घरच्या संगणकासाठी मोकळा राहतो. ही सोय प्रत्येक राउटरमध्ये नसते. खरेदीपूर्वीच पाहून घेणे बरे. मर्यादा लागू झाली की नाही, याची परीक्षा सोपी आहे. पाहुण्याच्या मोबाइलवरून मोठी चित्रफीत चढवीत असताना त्याच मोबाइलवर वेग मोजावा. तो १० च्या वर जाता कामा नये.

अतिथी-जाळे २.४ गिगाहर्ट्झवर व घरचा संगणक ५ गिगाहर्ट्झवर ठेवल्यास हवेतील गर्दीही विभागली जाते. बहुतेक स्मार्ट दिवे २.४ वरच चालतात. प्रिंटर मात्र मुख्य जाळ्यातच असावा, अन्यथा तो घरच्याच संगणकाला सापडत नाही.