परिव्यय-नफा आणि वित्तीय नफा यांचा ताळमेळ

प्रश्न : अंधेरी एमआयडीसीतील स्वमालकीच्या गाळ्यात आम्ही यंत्रांचे सुटे भाग बनवितो. परिव्यय-लेख्यांत नफा ४,८०,००० रुपये, वित्तीय लेख्यांत ४,८७,००० रुपये. हा किरकोळ फरक सोडून द्यावा काय?

उत्तर : सोडू नये, कारण आपण पाठविलेल्या तपशिलावरून या सात हजारांच्या पोटी एकूण ८१,००० रुपयांचे फरक परस्परांना छेदून दडले आहेत. परिव्यय-नफ्यापासून आरंभ करावा. आरंभीचा साठा खर्चाच्या बाजूचा असल्याने, वित्तीय लेख्यांत तो ८,००० रुपयांनी कमी आहे म्हणून तेवढी रक्कम मिळवावी. अखेरचा साठा मात्र, लेखा मानक २ प्रमाणे परिव्यय व निव्वळ वसुलीमूल्य यांपैकी जे कमी त्या किमतीस धरल्यामुळे, तेथे १५,००० रुपयांनी उतरला आहे, आणि नफाही तितकाच उतरतो, म्हणून ती रक्कम वजा करावी. गाळ्याचे ३६,००० रुपयांचे कल्पित भाडे केवळ परिव्यय-लेख्यांत खर्ची पडले, ते मिळवावे. बँकेचे २२,००० रुपये व्याज केवळ वित्तीय लेख्यांत आहे, ते वजा करावे. उत्तर बरोबर ४,८७,००० येते.

एक पडताळणी अवश्य करावी : आरंभीच्या साठ्याचा ८,००० रुपयांचा फरक गतवर्षीच्या ताळमेळपत्रकात, अखेरच्या साठ्यासमोर, वजा बाजूस सापडला पाहिजे, न सापडल्यास गतवर्षीचे दप्तर आधी काढावे.