टक्के कशाचे, गुण कोणाचे?

घरी जाऊन गणित आणि विज्ञान शिकवते. आठवी ते दहावी. पालकांना पाठवायचं माझं एक पानी माहितीपत्रक दर मे महिन्यात नव्याने लिहिते. ते लिहिताना जे नियम मी स्वतःला घालून घेतले, ते इथे मांडते.

1. बोर्डाचं नाव लिहिलं म्हणजे झालं असं नाही.

‘सर्व बोर्ड’ हे दोन शब्द पत्रकात छान दिसतात, पण त्यांचा अर्थ काय? राज्य मंडळाच्या दहावीत गणिताचे दोन पेपर असतात, बीजगणित 40 आणि भूमिती 40, आणि 20 गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. सीबीएसईत एकच 80 गुणांचा पेपर, तोही ‘स्टँडर्ड’ किंवा ‘बेसिक’ यांपैकी निवडलेला. राज्य मंडळाच्या मुलाला भौमितिक रचना आणि अर्थनियोजनातलं जीएसटी करावं लागतं. सीबीएसईच्या दहावीच्या गणितात जीएसटीचा धडा नाही. आयसीएसईचं प्रकरण आणखी वेगळं. तिथे गणितात मॅट्रिक्स आहेत, बँकेची आवर्ती ठेव आहे, आणि भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांचे तीन स्वतंत्र पेपर आहेत.

म्हणून माझ्या पत्रकात असं लिहिलेलं असतं: ‘राज्य मंडळ, मराठी आणि सेमी-इंग्रजी माध्यम: गणित भाग 1 व 2, विज्ञान भाग 1 व 2. सीबीएसई: फक्त गणित. आयसीएसई: शिकवत नाही.’ शेवटच्या वाक्यामुळे दरवर्षी एक-दोन पालक दुसरीकडे जातात. जावंच त्यांनी. ज्या पुस्तकातली उदाहरणं मी स्वतः वर्षानुवर्षं सोडवलेली नाहीत, ते पुस्तक दुसऱ्याच्या मुलावर शिकायला घेणं मला पटत नाही.

2. एकूण टक्केवारी ही गणिताच्या शिक्षकाची कमाई नव्हे.

‘आमच्या विद्यार्थिनीला 91 टक्के’ असं गणिताच्या शिकवणीच्या पत्रकात दिसलं, की मी पहिला प्रश्न विचारते: गणितात किती? राज्य मंडळाची टक्केवारी सहापैकी सर्वाधिक गुणांच्या पाच विषयांवर काढतात. संस्कृत, मराठी, सामाजिक शास्त्रे यांत भरभरून मिळालेल्या मुलीला गणितात पन्नास असले, तर तो विषय टक्केवारीतून बाहेर पडतो. ज्याची शिकवणी घेतली तोच विषय हिशेबात नाही, आणि जाहिरात मात्र त्याच शिकवणीची! शिवाय चित्रकला किंवा खेळाचे वाढीव गुण असतील, तर तेही एकूण गुणांत मिसळलेले असतात. त्यामुळे पत्रकात फक्त त्या विषयाचे गुण लिहायचे.

3. त्या शंभरातले वीस बाजूला काढायचे.

हा माझ्या पत्रकातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून जरा सविस्तर सांगते. गणिताच्या शंभर गुणांपैकी 20 शाळा देते. गृहपाठ, चाचणी, प्रात्यक्षिक वगैरेंचे. बहुतेक मुलांना त्यात 18 ते 20 मिळतातच. त्यात माझा वाटा जवळपास शून्य. शिकवणीचं काही दिसलंच, तर ते लेखी 80 गुणांत दिसेल.

एका मुलीचं उदाहरण घ्या. नववीत गणितात तिला 50 गुण होते. त्यांतले 19 अंतर्गत, म्हणजे लेखी 80 पैकी 31. या 31 मध्ये बीजगणिताचे 20 आणि भूमितीचे 11. जून महिन्यात ती माझ्याकडे आली. तिच्या भूमितीच्या उत्तरपत्रिका मागवल्या, तेव्हा दिसलं की तिला प्रमेयं माहीत होती. विधानं बरोबर, क्रमही बरोबर, पण प्रत्येक विधानापुढचं कारण रिकामं. ‘समरूप त्रिकोणांच्या संगत बाजू’, ‘एकाच कंसात अंतर्लिखित केलेले कोन’ असं लिहायचं असतं हे तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं. रचनेत कच्ची आकृती नाही, कंपासाच्या खुणा खोडलेल्या. दिवाळीपर्यंत आम्ही जवळजवळ भूमितीच केली. रोज एक सिद्धता, डावीकडे विधान, उजवीकडे कारण. कारण सुचलं नाही तर पुढची ओळ लिहायची नाही, एवढाच नियम.

बोर्डात तिला 74 मिळाले. अंतर्गत 19 वजा केले की लेखी 55: बीजगणित 32, भूमिती 23. (बोर्डाच्या गुणपत्रिकेत ही फोड नसते. अंतर्गत गुण शाळेकडून कळले, दोन पेपरांची विभागणी उत्तरपत्रिकांच्या छायाप्रतींवरून.)

पत्रकात मी हे असं लिहिलं: ‘नववी लेखी 31/80, दहावी लेखी 55/80, शिकवणी जून ते फेब्रुवारी, आठवड्यातून तीन दिवस. दोन्ही परीक्षा सारख्या नाहीत, नववीचा पेपर शाळेचा होता.’ शेवटचं वाक्य वाचून एक पालक म्हणाले, “मॅडम, स्वतःचंच कशाला कमी करून सांगता?” कमी नाही, तेवढंच खरं आहे. नववीचा पेपर कठीण असेल, तर वाढ माझ्या शिकवण्यामुळे जेवढी दिसते तेवढी नसेल.

आणि 88 वर आलेला मुलगा 92 वर गेला, तर तो आकडा वरच्या ओळीत टाकून मिरवायचा नाही. तो आल्याच दिवशी चांगला होता.

4. सगळे लिहायचे, सोडून गेलेलेही.

त्या वर्षी दहावीला माझ्याकडे सहा मुलं होती. एक ऑक्टोबरमध्ये क्लासला गेला, एकाचे गुण नववीपेक्षा कमी झाले. दोघंही पत्रकात आहेत, नावाशिवाय. नावं आणि फोटो मी कोणाचेच छापत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2024 मध्ये कोचिंगच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत यशस्वी विद्यार्थ्याने नेमका कोणता कोर्स किती काळ केला ते सांगा, आणि लेखी संमतीशिवाय त्याचं नाव, फोटो वापरू नका, असं आहे. ती पन्नासहून जास्त विद्यार्थ्यांच्या क्लासेससाठी आहेत. घरोघरी जाणाऱ्या माझ्यासारखीला ती लागू नसली, तरी घेण्यासारखी आहेत.

5. पद्धत म्हणजे तासाभरात काय होतं ते.

‘वैयक्तिक लक्ष’, ‘संकल्पना स्पष्ट’ हे शब्द मी काढून टाकले. त्याऐवजी: पहिली दहा मिनिटं मागच्या तासाची दोन उदाहरणं वही न बघता, मग नवा भाग, मग मूल सोडवतं आणि मी गप्प बसते, शेवटी चुका वेगळ्या वहीत. शाळेचा गृहपाठ पूर्ण करून देत नाही, प्रकल्प लिहून देत नाही, हेही छापलेलं असतं. त्यावरून वाद आधी होतात, नंतर होत नाहीत.

6. मी शाळेत नोकरी करत नाही, हे एका ओळीत.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 28 नुसार शाळेतल्या शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही. पालक हे विचारायला लाजतात, म्हणून मीच सांगून टाकते.

पालकांना एक विनंती. पहिल्या भेटीला येणाऱ्या कोणत्याही शिक्षकापुढे मुलाच्या सहामाहीच्या उत्तरपत्रिका ठेवा. त्या न उघडता जो फी सांगेल, त्याला चहा पाजून परत पाठवा.