नुसत्या ‘हो’वर खरेदी कशी होते?

आत्या: स्मार्ट स्पीकरला तोंडी सांगितलं आणि सामान घरी आलं, पैसेही कापले गेले, असं होतं तेव्हा परवानगी कशाची धरतात? माणसाच्या आवाजाची?

मुक्ता: बहुतेक वेळा आवाजाची नाही, आत्या. परवानगी आधीच, स्पीकर पहिल्यांदा चालू केला त्या दिवशी दिलेली असते. अमेरिकेतल्या ॲमेझॉन एकोचं उदाहरण घेऊ, कारण तोंडी खरेदी तिथेच सर्वांत आधी रुळली. एको बसवताना तो घरातल्या कुणाच्या तरी ॲमेझॉन खात्याला जोडावा लागतो. त्या खात्यात नेहमीचं कार्ड आणि नेहमीचा पत्ता नोंदलेला असतो. त्यानंतर त्या स्पीकरकडून जी मागणी येईल, ती खातेदाराची असं कंपनी धरून चालते.

आत्या: म्हणजे कार्डाचा नंबर त्या स्पीकरमध्ये असतो?

मुक्ता: नाही, तो कंपनीच्या सर्व्हरवर. स्पीकर जवळपास रिकामाच असतो. त्याचे मायक्रोफोन सतत चालू असतात, पण यंत्राच्या आतला छोटा प्रोग्राम फक्त ‘अलेक्सा’ या हाकेशी जुळणारा आवाज शोधत असतो. हाक जुळली की वरची निळी कडा पेटते आणि पुढचं बोलणं कूटबद्ध होऊन इंटरनेटवरून सर्व्हरकडे जातं. तिथे बोलण्याचे शब्द होतात आणि शब्दांतून हेतू काढला जातो: खरेदी करायची आहे, वस्तू अमुक, नग इतके. यंत्राच्या ओळखीवरून खातं सापडतं. सर्व्हर आधी जुन्या ऑर्डरी पाहतो, तिथे नसेल तर एखादी वस्तू सुचवतो, नाव आणि किंमत बोलून दाखवतो आणि मागवू का, असं विचारतो. ‘हो’ म्हटलं की नेहमीच्या कार्डावर ऑर्डर पडते.

आत्या: मग ते ‘हो’ कोण म्हणतंय, हे कुणी तपासतच नाही?

मुक्ता: तपासायचं की नाही, हे घरच्यांच्या सेटिंगवर आहे. त्या ‘हो’मधून संमती कळते, माणूस कळत नाही. सगळी अडचण इथेच आहे. जानेवारी 2017 मध्ये डॅलसमधल्या सहा वर्षांच्या मुलीची गोष्ट गाजली. तिने एकोशी बोलता बोलता बाहुलीघर मागितलं, बिस्किटंही मागितली आणि सामान खरोखर दारात आलं. यंत्र बिघडलं नव्हतं. हाक बरोबर होती, खातं बरोबर होतं, खरेदीची सोय चालू होती आणि कोड लावलेला नव्हता. मग सॅन दिएगोच्या एका वाहिनीवर ही बातमी सांगताना निवेदकाने मुलीचं ते वाक्य म्हणून दाखवलं. टीव्हीतला आवाज ऐकून आपले एकोही जागे झाले आणि बाहुलीघर मागवू लागले, अशा तक्रारी प्रेक्षकांनी केल्या.

आत्या: टीव्ही काही ‘हो’ म्हणणार नाही ना!

मुक्ता: म्हणून तर ‘मागवू का’ हा प्रश्न ठेवलेला आहे. अनोळखी आवाजाने यंत्र चुकून जागं झालं, तरी उत्तर न मिळाल्यास व्यवहार तिथेच थांबतो. जाहिरातींसाठी आणखी एक उपाय आहे. माहीत असलेल्या जाहिरातीचा ध्वनी-ठसा आधीच साठवून ठेवतात. शिवाय अनेक घरांतून एकाच क्षणी तोच आवाज आला, तर तो माणसाचा नाही हे सर्व्हरला कळतं आणि तो विनंती सोडून देतो. पण घरातलं मूल स्वतः ‘हो’ म्हणतं तेव्हा यातलं काहीच कामी येत नाही.

आत्या: तिथे कोड हवा.

मुक्ता: हो, चार अंकी. ॲपमध्ये तो लावला की ‘हो’नंतर यंत्र कोड विचारतं. त्याचा दोष उघड आहे: तो मोठ्याने बोलावा लागतो. खोलीत बसलेल्या मुलाने एकदा ऐकला की गुपित संपलं. म्हणून दुसरा पर्याय आला, आवाजाची ओळख. खातेदार काही ठरलेली वाक्यं बोलतो, त्यावरून त्याच्या आवाजाचा नमुना तयार होतो आणि खरेदीच्या वेळी नवा आवाज त्याच्याशी ताडून पाहतात.

आत्या: मग तो बोटाच्या ठशाइतका पक्का धरायचा?

मुक्ता: नाही. जुळणी कधी शंभर टक्के नसते. किती साम्य पुरे, ही रेषा कंपनी आखते. रेषा कडक केली तर सर्दी झालेल्या खातेदारालाच यंत्र नाकारतं, सैल केली तर सारख्या आवाजाची बहीण आत शिरते. ध्वनिमुद्रणाने किंवा नकली आवाजानेही फसवता येतं. कमी किमतीच्या सामानाला ही ओळख ठीक, बँकेच्या दाराला पुरेशी नाही.

आत्या: बाहेरचा माणूस घरात न शिरता हे करू शकतो का?

मुक्ता: प्रयोगात झालंय. 2019 मध्ये मिशिगन विद्यापीठ आणि टोकियोच्या एका विद्यापीठाच्या संशोधकांनी आवाजाऐवजी लेझर वापरला. बोलण्यानुसार प्रकाश कमी-जास्त केला आणि तो मायक्रोफोनच्या छिद्रावर सोडला, तेव्हा आतला पडदा ध्वनी आल्यासारखा हलला आणि यंत्राने आज्ञा मानली. काचेच्या खिडकीतून आणि 110 मीटर अंतरावरूनही हे जमलं. प्रकाश नेमका छिद्रावर पडावा लागतो, त्यामुळे सर्रास होणारी ही चोरी नव्हे. पण चार अंकांचे फक्त दहा हजार मेळ होतात आणि चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा नसेल तर तेही एकेक करून बोलून पाहता येतात. स्पीकर खिडकीसमोर न ठेवणं, हा त्यावरचा साधा उपाय. मायक्रोफोन बंद करायचं बटणही यंत्रावर असतं. ते दाबलं की लाल दिवा लागतो.

आत्या: आपल्याकडेही नुसतं ‘हो’ म्हणून कार्डातून पैसे जातील का?

मुक्ता: एरवी नाही. समोर नसलेल्या कार्डाच्या व्यवहाराला रिझर्व्ह बँकेने 2009 पासूनच दुसरा पुरावा बंधनकारक केला. बहुतेकदा तो म्हणजे आपला ओटीपी. तो खातेदाराच्या फोनवर येतो, म्हणजे स्पीकरजवळ कुणीही बोललं तरी फोन हातात असलेल्याच्या संमतीशिवाय पैसे जात नाहीत. अमेरिकेत अशी सरसकट सक्ती नाही, म्हणून तिथे बाहुलीघर थेट दारात आलं. शिवाय ऑक्टोबर 2022 पासून इथल्या दुकानदाराला कार्डाचा नंबर साठवता येत नाही. त्याच्याकडे नंबराऐवजी त्या दुकानापुरतं टोकन असतं. चोरीला गेलं तरी दुसरीकडे ते चालत नाही. आधी भरून ठेवलेल्या वॉलेटची गोष्ट वेगळी. तिथे ओटीपीशिवायही पैसे जाऊ शकतात, म्हणून त्यात थोडीच रक्कम ठेवावी.

आत्या: आणि चुकून गेलेच, तर कळणार कसं?

मुक्ता: ऑर्डर पडली की खातेदाराला फोनवर किंवा मेलवर सूचना येते. माल निघायच्या आत ऑर्डर रद्द करता येते. कुणी सांगितलं याबद्दल घरात वाद असेल, तर अलेक्साच्या ॲपमध्ये आवाजाचा इतिहास असतो. तो पुसलेला नसेल तर त्या दिवसाची, त्या वेळेची नोंद उघडून यंत्राने कुठलं वाक्य ऐकलं ते वाचता येतं, आणि ध्वनिमुद्रण ठेवलं असेल तर प्रत्यक्ष आवाजही ऐकता येतो.