मुलाखतीच्या शेवटी: काय करावे, काय टाळावे

(सॉफ्टवेअरची नोकरी. "तुम्हाला काही विचारायचंय?" नंतरची दहा मिनिटे.)

काय करावे

• तीन प्रश्न वहीत लिहून न्या आणि वही उघडून विचारा. दोन तासांच्या राउंडनंतर डोक्यात काही उरत नाही.

• समोरचा माणूस तुमच्याच टीममधला आहे का, हे सर्वांत आधी विचारा. पॅनेलवर पुष्कळदा शेजारच्या टीममधले बसतात.

• जागा नवी आहे की कुणी सोडल्याने रिकामी झाली, ते विचारा. आधीचा माणूस कंपनीतच दुसरीकडे गेला असेल तर ठीक. वर्षभरात तिसऱ्यांदा माणूस शोधत असतील तर कारण विचारल्याशिवाय उठू नका.

• प्रश्न "गेल्या वेळी"ने सुरू करा: गेल्या वेळी रिलीज कोणत्या वारी झाले, किती वेळ लागला, कोण जागे होते?

• उत्तरातला तपशील ऐका. "मंगळवारी दुपारी केलं, एक चूक निघाली, वीस मिनिटांत रोलबॅक केला" असे सांगणारी टीम चूक लपवत नाही. "आम्ही अजाईल आहोत" हे उत्तरच नव्हे.

• ऑन-कॉलच्या पाळीत किती जण आहेत ते विचारा, टीम किती जणांची आहे ते नव्हे. टीम आठ जणांची, पण पाळी तिघांतच फिरते असे निघाले, तर 52 पैकी सतरा-अठरा आठवडे फोन तुमच्या उशाशी.

• त्यालाच जोडून विचारा: मागच्या पाळीत रात्री किती वेळा उठावे लागले, आणि दुसऱ्या दिवशी उशिरा आलेले चालले का? दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. पहिल्याचे उत्तर सिस्टीमबद्दल असते, दुसऱ्याचे मॅनेजरबद्दल.

• टेस्टिंग कोण करते, हा प्रश्न डेव्हलपर आणि मॅनेजर दोघांनाही विचारा. उत्तरे जुळली नाहीत तर डेव्हलपरचे खरे धरा.

• सर्व्हिस कंपनीत प्रोजेक्ट पक्का आहे की आधी बेंच, आणि क्लायंट पुन्हा मुलाखत घेणार का, ते विचारून घ्या.

• क्लायंट कोणत्या टाइमझोनमधला, तेही विचारा. कॅलिफोर्नियातले सकाळचे 9 म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ, त्यांच्या हिवाळ्यात साडेदहा.

• एचआरला विचारा: व्हेरिएबल किती, आणि गेल्या वर्षी त्यातला प्रत्यक्ष हातात किती पडला? कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी सीटीसीत धरली आहे का, हेही त्याच दमात.

• खाली उतरल्यावर, गाडी सुरू करण्याआधी, उत्तरे जशीच्या तशी लिहून काढा; रात्रीपर्यंत ती मनासारखी बदललेली असतात.

काय टाळावे

• "वर्क कल्चर कसं आहे?" विचारू नका, याचे उत्तर सगळीकडे पाठ असते.

• "वर्क-लाइफ बॅलन्स" हा शब्द काढू नका, "काल तुम्ही किती वाजता निघालात?" एवढे पुरते.

• प्रश्नाला स्वतःच उत्तर जोडू नका. मी वर्षानुवर्षे "रात्री उठावं लागतं का?" विचारून लगेच "म्हणजे फारसं नसेल ना?" अशी पुस्ती लावायचो. समोरच्याला "छे, फारसं नाही" म्हणायला आयता दोर मिळायचा. एका नोकरीत त्या "फारसं नाही"ची किंमत सात महिने मोजली. विचारा आणि गप्प बसा.

• टेक्निकल राउंडमध्ये पगार, रजा, नोटीस पिरियड काढू नका; ते त्या माणसाच्या हातात नसते.

• क्लायंटचे नाव सांगता येत नाही म्हणाले तर ताणू नका. क्षेत्र आणि टाइमझोन कळले की काम भागते.

• हुशारी दाखवायला प्रश्न विचारू नका. त्यांच्या डेटाबेसची निवड चुकली हे सांगायची ही वेळ नव्हे.

• एका "मला नक्की माहीत नाही"वरून टीमला नापास करू नका. तो माणूस दोन महिन्यांपूर्वीच आलेला असू शकतो. मॅनेजरलाही पाळी ठाऊक नसेल, तर मात्र नोंद करा.

• "आम्ही इथे एका कुटुंबासारखे आहोत" ऐकून विरघळू नका. ऑन-कॉलचा प्रश्न पुन्हा विचारा.

• "आठवड्यातून दोन दिवस घरून, ते बघू आपण" यावर राजीनामा देऊ नका. ऑफर लेटरमध्ये, निदान ईमेलवर, लिहून येईपर्यंत थांबा.