लुकअलाइक की इंटरेस्ट? खऱ्या तुलनेचा खर्च तेहतीस हजार

चंदीगडला खेटून, मोहाली जिल्ह्यात खरड आहे. तिथे आयईएलटीएसचे क्लास भरपूर, म्हणून उदाहरणही क्लासचंच घेऊ. समजा मालकाकडे जाहिरात एजन्सी आली आणि म्हणाली, ‘‘इंटरेस्ट सोडा, लुकअलाइक चालवा, लीड निम्म्या किमतीत येते.’’ पुराव्यादाखल तिने दोन महिन्यांचे दोन आकडे दाखवले. खरडऐवजी कराड धरलं तरी हिशेब तोच राहतो.

इंटरेस्ट म्हणजे ‘परदेशी शिक्षण’, ‘कॅनडा’ अशा आवडींवरून निवडलेली माणसं. लुकअलाइक म्हणजे तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांची यादी देऊन मेटाकडून मिळवलेली त्यांच्यासारखी माणसं. यादीतली किमान 100 माणसं एका देशातली लागतात, पण चांगल्या निकालासाठी हजार तरी असावीत. यादी फी भरलेल्यांची हवी. नुसती चौकशी करून गेलेल्यांची यादी दिली, तर चौकशी करून जाणारेच वाढतील.

आणखी एक गोष्ट एजन्सी सहसा सांगत नाही. लुकअलाइकचा एक टक्का संपूर्ण भारतातून काढला जातो. त्यावर खरडभोवतीच्या वीस किलोमीटरची मर्यादा घातली की उरणारा गट फार लहान होतो. तीच तीच माणसं जाहिरात पुन्हा पुन्हा पाहतात आणि भाव चढतो. अशा वेळी टक्का वाढवून, तीन किंवा पाच करून, दोन्ही गटांचे अंदाजे आकार जवळ आणावेत. आधीच प्रवेश घेतलेल्यांना दोन्हींतून वगळावं.

एजन्सीच्या दोन महिन्यांच्या आकड्यांना काही अर्थ नाही. 8 नोव्हेंबर 2024 रोजी कॅनडाने एसडीएस ही जलद व्हिसाची वाट बंद केली. इंटरेस्टची जाहिरात त्याआधी आणि लुकअलाइकची नंतर चालवली असेल, तर त्या आकड्यांत निम्मं राजकारण मिसळलेलं असणार. दोन्ही गट एकाच दिवशी सुरू व्हायला हवेत. तेही मेटाच्या A/B test मधून, कारण त्यात एक माणूस एकाच गटात पडतो. नुसते दोन ॲड सेट शेजारी लावले, तर तीच माणसं दोन्हीकडे येतात.

बजेट प्रत्येक ॲड सेटला वेगळं आणि सारखं बांधून द्या. कॅम्पेनच्या पातळीवर ठेवलं, तर यंत्रणा पहिल्या काही लीडवरूनच आवडता ठरवते आणि दुसऱ्याला उपाशी ठेवते. जाहिरात एकच हवी: तोच व्हिडिओ, तोच मजकूर, तोच फॉर्म. एका गटात जुनी, शेकडो लाइक असलेली पोस्ट आणि दुसऱ्यात कोरी, असंही नको. Advantage+ audience चालू असेल, तर तुमचे इंटरेस्ट ही निव्वळ सूचना ठरते आणि मेटा त्याबाहेरही जातं. ते बंद करूनच तुलना करा. काही उद्दिष्टांत गट आपोआप रुंदावणं पूर्ण थांबवता येत नाही. तिथे तुलना तेवढी सैल राहणार, हे गृहीत धरा.

आता पैसे. नवा ॲड सेट आठवड्याला साधारण 50 लीड मिळेपर्यंत शिकत असतो आणि Delivery च्या रकान्यात Learning दिसतं. त्या काळातला भाव धरायचा नाही. क्लासची लीड 140 रुपयांना पडते असं मानू. मग 50 लीडना 7,000, म्हणजे रोज हजार रुपये. दोन गटांचे आठवड्याला 14,000. पहिला आठवडा शिकण्याचा, दुसरा मोजण्याचा, मिळून 28,000. त्यावर 18 टक्के जीएसटी 5,040. एकूण 33,040 रुपये, एजन्सीची फी वेगळी. जीएसटी नोंदणी असेल तर कर वळता करून घेता येतो. मधेच कुणी व्हिडिओ बदलला, गट बदलला किंवा बजेट एकदम वाढवलं, तर शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं आणि पहिला हप्ता वाया जातो. Learning limited दिसलं तर पुरेशा लीड येतच नाहीत, म्हणून निकाल लावू नका.

दुसऱ्या आठवड्यात लुकअलाइकला 58 आणि इंटरेस्टला 47 लीड आल्या, तर एजन्सी टाळ्या वाजवेल. तुम्ही बेरीज करा: 105. तिचं वर्गमूळ सुमारे 10, दुप्पट 20. फरक 11 आहे, म्हणजे हा नशिबाचाही खेळ असू शकतो. 68 आणि 42 असत्या, तर फरक 26 आणि मर्यादा 21. तेव्हा विश्वास ठेवायला हरकत नाही. खर्च सारखा असेल तरच हे गणित लागू पडतं. शिवाय लीड म्हणजे नुसता फोन नंबर. डेमो क्लासला किती जण आले, हे दोन्ही गटांचं वेगवेगळं लिहून ठेवा. स्वस्त लीडचा गट तिथे अनेकदा मागे पडतो.

एजन्सीकडून चार गोष्टी लेखी घ्या: सुरुवातीची तारीख, दोन्हींचा रोजचा खर्च, जाहिरात एकच असल्याची खात्री आणि मोजणीचा आठवडा. जाहिरात खातं तुमच्याच नावावर ठेवा. तेहतीस हजार मोकळे नसतील, तर चाचणीच करू नका. सात-आठ हजारांत दोन गट तपासून मिळणारं उत्तर उडवलेल्या नाण्याइतकंच खरं असतं. ते पैसे एकाच ॲड सेटला द्या.