आधी रोखीचा भाव विचारा

वन्संना फ्रीज घ्यायचा होता, म्हणून दसऱ्याच्या सुमारास आम्ही दोघी दुकानात गेलो. भाव 36,000. सेल्समन म्हणाला, "ताई, नो कॉस्ट ईएमआय आहे. 3,600 चे दहा हप्ते. दोन आज भरा, आठ पुढे. व्याज शून्य, फक्त 600 रुपये प्रोसेसिंग फी." वन्सं कागद काढायला लागल्या. मी विचारलं, "आणि आत्ताच सगळे पैसे यूपीआयने दिले तर?" तो मालकाशी बोलून आला. म्हणाला, "33,500 ला देतो."

मग मी बिलाच्या पाठीवरच हिशेब मांडला. फ्रीजचा खरा भाव 33,500. त्यातले 7,800 पहिल्याच दिवशी, दोन हप्ते आणि फी मिळून, हातचे गेले. म्हणजे उधारी उरली 25,700 ची, आणि तिच्यापोटी आठ महिन्यांत भरायचे 28,800. जास्तीचे 3,100 पाहून "एवढं चालतंय" असं वाटतं. पण मुद्दल दर महिन्याला उतरत जातं, हे धरलं की व्याजाचा दर वर्षाला सुमारे 31 टक्के पडतो.

फायनान्स कंपनी पैसे फुकट वापरू देत नाही. दुकानदाराला रक्कम देतानाच ती आपलं व्याज कापून घेते. हा भार कधी उत्पादक कंपनी सोसते, कधी दुकानदार, कधी दोघं मिळून. दुकानदाराच्या वाट्याला तो आला की रोखीच्या गिऱ्हाइकाला जी सूट तो सहज देतो, ती हप्तेवाल्याला देत नाही. आमचे 2,500 तिथेच अडकले होते.

क्रेडिट कार्डावर वाट वेगळी. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, असं रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं. त्यामुळे आता बँक व्याज लावते आणि तेवढी सूट किमतीत आधी दाखवली जाते. त्या व्याजावरचा 18 टक्के जीएसटी मात्र बहुधा आपल्याच स्टेटमेंटवर येतो.

कर्ज देताना की फॅक्ट स्टेटमेंट देणं आता बंधनकारक आहे. त्यातला वार्षिक दर जरूर वाचा, त्यात फी धरलेली असते. पण न मिळालेली सूट त्या कागदावर कुठेच नसते. ती आपणच शोधायची.

काही वेळा व्याज खरोखरच उत्पादक कंपनी भरते आणि रोखीचा भावही तोच निघतो. फी नसेल किंवा नाममात्र असेल, तर अशा वेळी हप्ते बिनधास्त घ्या.

माझी विनंती एवढीच, की दुकानात हप्त्याचा विषय काढण्याआधी रोखीचा शेवटचा भाव विचारा, आणि तो दोन दुकानांत विचारा.