रिकामा पाट

वर्धा येथील एका महाविद्यालयात नाट्यस्पर्धा होती. स्पर्धेत भाग घेणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या घरी तिच्या लग्नाची बोलणी चालली होती. तिला मात्र पुढे शिकावयाचे होते. तिने स्वगतासाठी डॉ. रखमाबाईंचा प्रसंग निवडला.

रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले होते. मोठेपणी त्यांनी सासरी जाण्यास नकार दिला, तेव्हा पतीने मुंबईच्या न्यायालयात दावा लावला. १८८७ मध्ये हुकूम झाला, की त्यांनी पतीकडे जावे, नाही तर सहा महिने तुरुंगवास भोगावा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली.

मुलीने प्रथम न्यायाधीशांपुढील भाषण लिहिले. प्राध्यापक म्हणाले, "हे तर व्याख्यान झाले. ऐकणारे माणूस कोठे आहे?"

मग तिने तो प्रसंग कल्पनेने घरात आणला. रंगमंचावर एक रिकामा पाट मांडला. त्यावर आई बसली आहे असे मानून ती त्या उंचीवर दृष्टी ठेवी आणि आईच्या उत्तरापुरती थांबे. "लोकांचे भय वाटते होय, आई?" एवढे ती विचारी, आणि आईचे न उच्चारलेले बोल प्रेक्षकांना कळत. आईची माया खरी वाटू लागली, तसा मुलीचा नकारही अधिक अवघड झाला.

१८८८ मध्ये तडजोड होऊन रखमाबाई मोकळ्या झाल्या. लंडनला वैद्यक शिकून त्यांनी सुरतेत रुग्णसेवा केली.

स्पर्धा पाहून घरी परतताना मुलीची आई हळूच म्हणाली, "त्या पाटावर मीच बसले होते ना गं?"